एका घटनेचे दोन अहवाल

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी, शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या तंत्रविभागाच्या एका कर्मचाऱ्याला नेटवर्कमध्ये शिरता येईना. तोवर बरेच काही होऊन गेले होते. रायसिडा नावाच्या खंडणीखोर टोळीने सुमारे ६०० जीबी फाइल्स उचलल्या होत्या, सर्व्हर एनक्रिप्ट केले होते आणि माग काढता येऊ नये, दुरुस्तीही सहज होऊ नये म्हणून काही सर्व्हर पार नष्ट केले होते. पुढे टोळीने २० बिटकॉइनची बोली लावली. लायब्ररीने पैसे दिले नाहीत आणि फाइल्स इंटरनेटच्या काळ्या बाजारात टाकल्या गेल्या. ग्रंथालयाची मुख्य ऑनलाइन सूची परत आली ती थेट जानेवारी २०२४ मध्ये, आणि तीही केवळ शोधण्यापुरती. इंडिया ऑफिसचे दप्तर याच ग्रंथालयात असल्याने मुंबई इलाख्याच्या इतिहासावर काम करणाऱ्या आपल्याकडच्या अभ्यासकांनाही या काळाची झळ लागली.

या एका घटनेवर ग्रंथालयाला दोन वेगळ्या प्रकारचे लेखन करावे लागले. पहिले ब्रिटनमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या इन्फर्मेशन कमिशनरच्या कार्यालयासाठी, ज्याची कायद्याने दिलेली मुदत घटना कळल्यापासून ७२ तासांची आहे. दुसरे, चार महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये लायब्ररीने स्वतः प्रसिद्ध केलेला १८ पानांचा आढावा: काय झाले, का झाले आणि आपण काय शिकलो. पहिला कागद लोकांसमोर आलेला नाही, पण त्यात काय असावे लागते हे कायद्यातच लिहिलेले असल्याने त्याचा साचा ठाऊक आहे. दुसरा शिकण्यासाठीचा, म्हणजे आतल्या जातीचा, पण तो कोणालाही वाचता येतो. एकाच घटनेचे हे दोन अहवाल शेजारी ठेवले की एक गैरसमज दूर होतो. अनेक संस्थांमध्ये असे धरून चालतात की आतला अहवाल म्हणजे सविस्तर, बाहेरचा म्हणजे त्याचाच कात्री लावलेला सारांश. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. एकातून दुसरा कापून काढायला गेले की दोन्ही बिघडतात, आणि माझ्या मते जास्त नुकसान आतल्याचे होते.

आधी बाहेरच्या अहवालाचा प्रश्न पाहू. ब्रिटनच्या आणि युरोपच्या कायद्यात नियामकाला चार गोष्टी हव्या असतात: उल्लंघनाचे स्वरूप, म्हणजे साधारण किती माणसांची आणि किती नोंदींची माहिती गेली, संपर्कासाठी कोण, त्या माणसांवर संभाव्य परिणाम काय, आणि तुम्ही काय उपाय केले किंवा करणार आहात. या चौकटीत मध्यभागी असतो तो बाहेरचा माणूस, ज्याचा पासपोर्ट किंवा पगाराचा तपशील गेला. नियामकाला त्याच्या वतीने लगेच ठरवायचे असते की लोकांना सावध करायला सांगावे का, तपास हाती घ्यावा का, कारवाई करावी का. त्यासाठी अपुरी पण वेळेवर आलेली माहिती पुरेशी असते. म्हणूनच कायदा म्हणतो की सगळे एकदम देता येत नसेल तर टप्प्याटप्प्याने द्या.

आपल्याकडे घड्याळ याहून वेगाने चालते. सायबर घटनांसाठीच्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. सहा तासांत कुठल्याही संस्थेला मूळ कारण सापडलेले नसते, आणि सर्ट-इनने आपल्या खुलाशात तेवढ्या वेळात हाती असलेलीच माहिती मागितली आहे. बाकीची नंतर द्यायची मुभा आहे. तरीही या मुदतीखाली लिहिणाऱ्यांकडून एक चूक वारंवार होते. ‘घटनेचे कारण’ असा रकाना दिसला की तो रिकामा ठेवणे जिवावर येते आणि ‘फिशिंग ईमेल’ असे लिहून टाकले जाते, कारण बहुतेक वेळा तेच असते. तीन आठवड्यांनी लॉग तपासल्यावर कळते की दार वेगळेच होते. आता सरकारदरबारी एक चुकीचे विधान सहीनिशी पडले आहे आणि ते मागे घेण्यापेक्षा आतल्या अहवालानेच त्याच्याशी जुळवून घ्यावे असा दबाव सुरू होतो. त्या रकान्यात ‘अद्याप निश्चित नाही, अमुक लॉगची तपासणी चालू आहे’ असे लिहिणे हे पूर्ण उत्तर असते. पहिल्या सहा तासांच्या कागदावर प्रत्येक विधानापुढे ते केव्हा आणि कशावरून कळले एवढे लिहिले असेल, तर पुढे दुरुस्ती करणे लाजिरवाणे ठरत नाही.

आतल्या अहवालाचा प्रश्न वेगळा. त्याच्या मध्यभागी माहिती गेलेला माणूस नसतो. काम करणारा माणूस असतो. त्या दिवशी, त्याच्या पडद्यावर जे दिसत होते ते पाहता त्याने केले ते त्याला योग्य का वाटले, आणि ती परिस्थिती आजही तशीच आहे का, हे तिथे शोधायचे असते. विमानसुरक्षा आणि रुग्णसुरक्षा या क्षेत्रांत ही पद्धत आधी रुजली. सिडनी डेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिला शब्द दिले आणि २०१२ मध्ये एट्सी या अमेरिकी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांनी दोषारोपाशिवाय कारणमीमांसा कशी करावी यावर लिहिल्यावर ती सॉफ्टवेअरच्या धंद्यात पसरली. दोषारोप टाळण्यामागे भूतदया नाही. चूक करणाऱ्याला शिक्षेची भीती असेल तर त्याने काय पाहिले, काय गृहीत धरले, कुठला नियम रोजच वाकवला जात होता, हे तो सांगणार नाही. आणि नेमका तोच तपशील पुढची घटना रोखायला लागतो.

ब्रिटिश लायब्ररीच्या आढाव्यात एक जागा अशी आहे की जिथे हा फरक अगदी जवळून दिसतो. हल्ल्याच्या दोन दिवस आधी, २६ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून १५ मिनिटांनी, लायब्ररीच्या माहिती-सुरक्षा व्यवस्थापकाला नेटवर्कवर संशयास्पद हालचालीची सूचना मिळाली होती. ती हालचाल रोखली गेली होती. त्याने ती बंदी वाढवली, कच्चे दुवे शोधणारी तपासणी चालवली, लॉगवर नजर ठेवली. पुन्हा काही दिसले नाही. सकाळी सातला त्याने प्रकरण वरच्या चमूकडे दिले. त्यांनी लॉग बारकाईने पाहिले, उघड घातक असे काही आढळले नाही, म्हणून संबंधित खात्याचा पासवर्ड बदलून ते पुन्हा चालू केले. २८ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास ४४० जीबी डेटा ग्रंथालयाबाहेर गेला.

नियामकाच्या कागदावर हा भाग दोन ओळींत बसतो. मी लिहिला असता तर असा: ‘२६ ऑक्टोबर रोजी संशयास्पद हालचाल आढळली, खाते बंद करून तपासणी करण्यात आली व पासवर्ड बदलण्यात आला. २८ ऑक्टोबर रोजी सकाळी घटना निश्चित झाली.’ यात खोटे काही नाही, लपवलेलेही नाही. पण यावरून कोणी काही शिकणार नाही. आतल्या अहवालाला याच दोन ओळींवर दोन पाने द्यावी लागतील. रात्री सव्वाला एकटा माणूस जेव्हा अशी सूचना पाहतो तेव्हा त्याला महिन्यात अशा किती पोकळ सूचना येत असतात? ज्या लॉगमध्ये काही दिसले नाही ते लॉग मुळात काय टिपत होते आणि काय नाही? खाते पुन्हा चालू करण्याचा निर्णय कोणाचा, आणि चालू न केले तर सकाळी कोणाचे काम अडणार होते? या प्रश्नांच्या उत्तरात त्या व्यवस्थापकाला दोषी ठरवण्यासारखे बहुधा काही निघणार नाही. निघेल ते हे की तिथे, त्या साधनांनिशी, शहाण्या माणसानेही तेच केले असते. आणि म्हणून साधने बदलायला हवीत.

आढावा त्याहून मागे जातो, आणि इथे त्याचे खरे मोल आहे. शिरकाव बहुधा एका टर्मिनल सर्व्हरमधून झाला, असे तो म्हणतो. पुरावे नष्ट झाल्याने खात्रीने सांगता येत नाही हेही मान्य करतो. हा सर्व्हर फेब्रुवारी २०२० मध्ये बाहेरच्या भागीदारांना आणि आतल्या तंत्रज्ञांना दुरून काम करता यावे म्हणून बसवला गेला. त्याच वर्षी ग्रंथालयाने क्लाउडवरच्या सेवांना पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा, आपण ओटीपीने करतो तशी, सक्तीची केली. पण या सर्व्हरमार्गे आत येणाऱ्यांना ती लागू केली नाही. कारणे लिहिलेली आहेत: व्यवहार्यता, खर्च, चालू कामांवर होणारा परिणाम. बाहेरच्या कंत्राटदारांची वाढती ये-जा धोक्याची आहे हे २०२२ च्या अखेरीस नोंदवलेही गेले होते आणि त्याचा आढावा २०२४ मध्ये घ्यायचे ठरले होते. म्हणजे घटनेची वेळरेषा शनिवारी सकाळी सुरू होत नाही. ती साडेतीन वर्षे आधी, कुठल्यातरी बैठकीत, ‘हे पुढच्या टप्प्यात’ या शेऱ्यापाशी सुरू होते. नियामकाच्या अहवालाची वेळरेषा घटना लक्षात येण्याच्या आसपास सुरू झाली तर चालते. शिकण्याच्या अहवालाची तिथे सुरू झाली तर तो अहवाल अपुरा आहे असे खुशाल समजावे. हाती आलेला कागद कोणत्या जातीचा आहे हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. दुसरी खूण म्हणजे ‘मानवी चूक’ हे शब्द कारण म्हणून येणे आणि ‘संबंधितांना प्रशिक्षण देण्यात येईल’ हे उपाय म्हणून. प्रशिक्षण हा उपाय नियामकाला पटतो, कारण तो मोजता येतो आणि कोणाचे बजेट हलवत नाही. ग्रंथालयाच्या आढाव्यात मात्र जुनी सॉफ्टवेअरे हा मोठा विषय आहे: संग्रहांच्या सुरक्षित प्रती शाबूत होत्या, पण त्या जिच्यावर परत चढवायच्या ती यंत्रणाच उरली नव्हती, आणि काही जुनी सॉफ्टवेअरे नव्या, सुरक्षित यंत्रणेवर चालणारच नव्हती. हे प्रशिक्षणाने सुटत नाही.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. एकाच घटनेचे दोन अहवाल म्हणजे व्यापाऱ्याची कच्ची वही आणि पक्की वही नाही का? साहेबासाठी एक, घरासाठी एक. शंका रास्त आहे, कारण असे करणाऱ्या संस्था असतातच. पण दोन वह्यांतला गुन्हा वह्या दोन असण्यात नसतो. एकाच व्यवहाराचे आकडे दोन ठिकाणी वेगळे असण्यात असतो. तोच निकष इथे लावता येतो. दोन अहवालांचा हेतू, लांबी, भाषा, निष्कर्ष वेगळे असू शकतात. घडलेल्या गोष्टी आणि वेळा वेगळ्या असू शकत नाहीत. म्हणून चांगल्या संस्था दोन्ही अहवालांच्या आधी तिसरी गोष्ट तयार करतात: घटनेची एकच वेळरेषा. प्रत्येक नोंदीला वेळ, स्रोत आणि खात्रीचा दर्जा. लॉगमध्ये दिसले, कोणी सांगितले, की आपण अंदाज केला. तिला एक जबाबदार माणूस, आणि बदल केला तर जुनी नोंद खोडायची नाही, पुढे नवी लिहायची. दोन्ही अहवाल तिच्यातून उचलतात. हे किरकोळ वाटेल, पण वेळांचा घोळ इथेच होतो: एका सर्व्हरचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर, दुसऱ्याचे भारतीय वेळेवर, आणि साडेपाच तासांच्या फरकाने सहा तासांची मुदत पाळली गेली की चुकली हेच बदलते. सर्ट-इनच्या निर्देशांत सर्व यंत्रणांची घड्याळे सरकारी वेळेशी जुळवा आणि लॉग १८० दिवस ठेवा असे म्हटले आहे. ते नियम म्हणून आले असले तरी आतल्या अहवालालाही तितकेच लागतात.

एकच वेळरेषा ठेवली तरी एक अवघड प्रसंग मात्र टळत नाही: आतला अहवाल असे काही शोधून काढतो जे बाहेरच्या अहवालाला अडचणीत आणते. सर्वांत नाजूक प्रश्न असतो ‘तुम्हाला केव्हा कळले?’ कारण मुदत तिथून मोजतात. २६ तारखेची ती रात्रीची सूचना म्हणजे कळणे होते का? युरोपातल्या नियामकांचे मत असे की व्यक्तिगत माहितीला धक्का लागला आहे याची वाजवी खात्री झाली की संस्थेला कळले असे धरावे. त्याआधी तपासाला थोडा वेळ मान्य आहे. त्या मापाने २६ तारखेची सूचना म्हणजे कळणे नव्हे, २८ ची सकाळ म्हणजे कळणे. भारतातल्या निर्देशांचे माप अधिक कडक आहे, कारण तिथे घटना लक्षात येणे पुरते, आणि कळवण्याच्या घटनांच्या यादीत अनधिकृत प्रवेश तर आहेच, महत्त्वाच्या यंत्रणांची लक्ष्य ठरवून केलेली चाचपणीसुद्धा आहे. तीच सव्वा वाजताची सूचना इथे मुदत सुरू करणारी ठरू शकली असती. याचा अर्थ इतकाच की आतल्या अहवालात ‘आम्हाला २६ लाच कळले होते’ असे मागाहून शहाणे होऊन लिहिणे केवळ धोक्याचे नाही, चुकीचेही आहे. त्या वेळी त्यांना एक सूचना कळली होती, घटना नव्हे. अचूक लिहिले की आतले आणि बाहेरचे बहुतेक वेळा जुळते. आणि जिथे खरोखर जुळत नाही, कोणाला आधी कळले होते आणि त्याने दाबले असे निघते, तिथे बाहेरचा अहवाल दुरुस्त करून पाठवणे एवढाच मार्ग उरतो. तपासाच्या ओघात आतल्या अहवालाचे ते वाक्य सौम्य करणे हा मार्ग नाही.

दुसरा आक्षेप वकिलांचा असतो: शिकण्याचा अहवाल प्रामाणिक लिहाल तर तो उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहील, तेव्हा एक तर लिहू नका, नाही तर वकिलाच्या नावाने लिहा म्हणजे त्याला गोपनीयतेचे कवच मिळेल. याला उत्तर अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयांनी दिले आहे आणि ते वकिलांच्या फारसे सोयीचे नाही. कॅपिटल वन या बँकेने जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दहा कोटी लोकांची माहिती गेल्याचे जाहीर केले. तिने मँडियंट या तपास कंपनीकडून अहवाल घेतला. त्या कंपनीशी बँकेचा करार आधीपासून होता. घटनेनंतर तेच काम वकिलांच्या फर्ममार्फत करवून घेतले, इतकाच बदल. अहवाल मग संचालक मंडळ, सुमारे पन्नास कर्मचारी, चार नियामक आणि हिशेब तपासणारी फर्म, इतक्यांकडे गेला. २०२० मध्ये न्यायालयाने तो वादींना द्यायला लावला: दावे झाले नसते तरी असाच अहवाल झाला असता, तेव्हा तो दाव्यासाठी केलेला नाही. याउलट टार्गेट या दुकानसाखळीच्या प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने कवच मान्य केले होते, कारण तिथे खरोखर दोन तपास होते: एक नेहमीचा, दुसरा वकिलांना सल्ला देण्यासाठी वेगळ्या चमूने केलेला. ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या दूरसंचार कंपनीने २०२२ च्या गळतीनंतर डेलॉइटकडून आढावा करवला आणि जाहीर केले की घटना कशी झाली ते समजून घेऊन पुन्हा होऊ न देण्यासाठी हा आढावा आहे. नंतर तोच कागद वकिली गोपनीयतेखाली येतो असा दावा केला. २०२३ मध्ये न्यायालयात आणि २०२४ मध्ये अपिलातही तो फेटाळला गेला.

या तीन निकालांत मला एकच सूत्र दिसते: न्यायालय मथळा पाहत नाही, हेतू आणि वापर पाहते. शिकण्यासाठी लिहिलेला कागद ‘गोपनीय, वकिलाच्या सूचनेवरून’ असा शिक्का मारून वाचत नाही. भारतात तर हा आसरा आणखी अरुंद आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधले संरक्षण वकिली करणाऱ्या वकिलाशी झालेल्या संवादाला आहे, आणि कंपनीच्या पगारावरच्या कायदा अधिकाऱ्याला वकिलाइतके संरक्षण नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे सल्ल्याचे टिपण वेगळे आणि शिकण्याचा अहवाल वेगळा ठेवावा. दुसरा कधीतरी बाहेर वाचला जाईल असे धरूनच लिहावा. तसे धरले म्हणजे तो मवाळ करावा असे नाही. उलट त्यातून अनुमाने, विशेषणे आणि ‘करायलाच हवे होते’ अशी वाक्ये जातात. ही वाक्ये शिकण्याच्या कामाची नसतातच. ती न्यायालयात कबुलीजबाबासारखी वाचली जातात एवढेच. ‘सर्व्हरला दुसरी खातरजमा लावली नव्हती, २०२० मध्ये व्यवहार्यता आणि खर्च या कारणांनी ती वगळण्याचा निर्णय झाला’ हे वाक्य शिकण्यासाठी पुरेसे आहे. ‘हा अक्षम्य निष्काळजीपणा होता’ हे वाक्य पुढच्या कोणाला काहीही शिकवत नाही.

तरी कोणी म्हणेल, ब्रिटिश लायब्ररी सार्वजनिक संस्था आहे, तिला भागधारक नाहीत, स्पर्धक नाहीत. तिने उघडपणा दाखवला यात नवल ते काय. अंशतः खरे आहे. ब्रिटनचा हा नियामक सार्वजनिक संस्थांना दंड करण्यात हात आखडताच घेतो. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. नियामकाने नंतर जे निवेदन केले त्यात प्रशासकीय खात्याला दुसरी खातरजमा नसल्याचे स्पष्ट नोंदवले, लायब्ररीने आपला अनुभव खुलेपणाने मांडल्याचे कौतुक केले आणि पुढील तपास न करण्याचे ठरवले. प्रामाणिक अहवालाने दोष लपला नाही. दोष तर त्याच अहवालाच्या पानांवर होता. मला या उदाहरणावरून खासगी कंपन्यांनाही हेच फळ मिळेल असे म्हणवत नाही. कॅपिटल वनला नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केलाच. तरीही नियामकापुढे आतल्या अहवालाचे अस्तित्व लपवण्याने काही साधते असा पुरावा मला कुठे दिसत नाही.

तिसरी अडचण भारतात आता उभी राहते आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण नियमांनुसार, माहितीचे उल्लंघन झाले की संबंधित लोकांना आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डाला विनाविलंब कळवायचे आणि ७२ तासांत बोर्डाला सविस्तर माहिती द्यायची. नियमांचा हा भाग ते जाहीर झाल्यापासून दीड वर्षाने लागू होतो. त्या सविस्तर माहितीत घटनेमागची परिस्थिती आणि कारणे, पुन्हा होऊ नये म्हणून केलेले उपाय, आणि ज्या व्यक्तीमुळे उल्लंघन झाले तिच्याबद्दलचे निष्कर्ष असल्यास तेही मागितले आहेत. बाहेरच्या अहवालाने इथे आतल्याच्या अंगणात पाऊल टाकले आहे: कारणे आणि प्रतिबंध हा शिकण्याचा विषय, तो तीन दिवसांत, आणि ‘कोणामुळे’ या प्रश्नाच्या शेजारी बसवून विचारला आहे. सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आणि न कळवल्यास २०० कोटी असताना, कुठलीही कंपनी त्या रकान्यात नाव लिहायला मोकळी असते ती एकाच व्यक्तीचे: हल्लेखोराचे, किंवा तो सापडत नसेल तर सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याचे. म्हणून या रकान्यासाठी शिस्त हवी. ‘व्यक्ती’ म्हणजे घुसखोर. ज्याने सूचना पाहून खाते चालू केले तो नव्हे. कर्मचाऱ्याने जाणूनबुजून माहिती विकली असेल तर गोष्ट वेगळी. ती शिस्तभंगाची किंवा फौजदारी बाब आहे आणि शिकण्याच्या चर्चेतून ती पहिल्याच दिवशी वेगळी काढावी. बाकी सगळ्यांबद्दल आतली चर्चा सुरू होण्याआधी हे सांगून ठेवावे लागते की इथे जे बोलाल ते त्या रकान्यात नावानिशी जाणार नाही. हे आश्वासन देणाऱ्याला ते पाळण्याचे अधिकार असले पाहिजेत. नसतील तर ते देऊ नये.

आतापर्यंत मी आतल्या अहवालाची बाजू घेतली. पण त्याचीही एक मर्यादा आहे आणि ती विमानवाहतुकीने फार मोठी किंमत देऊन पाहिली. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या विमानतळावर उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले; विमानातली सर्व ९२ माणसे गेली. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे किती खाली येता येते, याचा वैमानिक आणि नियंत्रक वेगवेगळा अर्थ लावत होते. सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे विमान त्याच मार्गावर त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी कंपनीच्या आतल्या व्यवस्थेत ते कळवले, आणि युनायटेडने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावध केले. आतला अहवाल उत्तम चालला. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना मात्र काहीच कळले नाही, कारण तो शेजारच्या कंपनीच्या आत होता.

यातून १९७६ मध्ये अमेरिकेत विमानसुरक्षा अहवालांची एक स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. अहवाल दंड करणाऱ्या विमानवाहतूक प्रशासनाकडे जात नाही, नासाकडे जातो, ज्याला कोणाला दंड करण्याचा अधिकारच नाही. दहा दिवसांत कळवले आणि चूक हेतुपुरस्सर नसेल, तर नियमभंग सिद्ध झाला तरी वैमानिकाला शिक्षा माफ होते. अपघात आणि गुन्हे मात्र या सवलतीत येत नाहीत. नावे काढून अहवाल सर्वांना खुले होतात. म्हणजे संस्थेचा आतला अहवाल आणि अधिकाऱ्यांचा बाहेरचा अहवाल यांच्यामध्ये एक तिसरी जागा तयार केली गेली, जिथे शिकणे संस्थेच्या कुंपणाबाहेर जाते पण शिक्षेच्या टेबलावर पडत नाही.

भारताच्या सायबर क्षेत्रात ही जागा रिकामी आहे. सर्ट-इनकडे अहवाल जातात. तिथून धोक्याच्या सूचना आणि सल्ले येतात, आणि ते उपयोगाचे असतात. पण अमुक संस्थेत सव्वा वाजता काय दिसले आणि खाते पुन्हा का चालू केले गेले, अशी गोष्ट त्यांतून येत नाही, आणि येणे शक्यही नाही, कारण सहा तासांच्या रकान्यांत ती लिहिलेलीच नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्यातून वगळण्यात आल्याने तिथे साठलेले अहवाल मागून घेण्याचीही वाट उरलेली नाही. डेटा प्रोटेक्शन बोर्ड दंड करणारे मंडळ आहे, त्याच्याकडून नासाची भूमिका मागता येणार नाही. राहतात त्या संस्था, ज्यांनी आपला शिकण्याचा अहवाल स्वतःहून छापायचा. नागरी सहकारी बँका, रुग्णालये आणि विद्यापीठे यांच्याकडे यंत्रणा बऱ्याचदा एकसारख्या असतात, पुरवठादार तेच असतात, आणि दुरून काम करण्यासाठी २०२० मध्ये घाईत उघडलेली दारेही बहुधा तशीच असतात. त्यांच्यातल्या एखाद्या महासंघाने नावे काढून असे अहवाल गोळा करायला कायद्याची आडकाठी नाही. बाहेरचा अहवाल मुदतीत गेलेला असला आणि वेळरेषा दोन्हीकडे एकच असली म्हणजे झाले.